शब्दकोड्यातले काळे चौकोन आणि जाड रेघा : सोडवताना नेमका काय फरक पडतो?



मागच्या उन्हाळी सुट्टीच्या आधी मी माझ्या चौथीच्या वर्गासाठी एक छोटं शब्दकोडं तयार केलं होतं. पाच बाय पाचचं, काळ्या चौकोनांचं, रोजच्या पेपरात येतं तसं. तपासून परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना एका मुलीच्या आईने फाटकापाशीच मला थांबवलं. "बाई, हिचं उत्तर चूक का धरलंत? सगळ्या घरांत बरोबर बसतंय की!" मी वही हातात घेतली, पाहिलं आणि गप्प बसले. उत्तर खरंच बसत होतं. निम्म्या वर्गाने तेच लिहिलं होतं आणि मी निम्म्या वर्गाला लाल फुली मारली होती.

ते कोडं असं होतं. आमची शाळा कर्वेनगरात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच केली होती. (■ म्हणजे काळा चौकोन.)

क  र्वे  न  ग  र
ल  ■  व  ■  स
म  हा  न  ग  र
दा  ■  वी  ■  शी
न  म  न  गी  त

आडवे शब्द तीन: कर्वेनगर, महानगर, नमनगीत. उभे शब्द तीन: कलमदान, नवनवीन, रसरशीत. (एकाच कोड्यात दोन 'नगर' आले, हे काही चांगल्या कोड्याचं लक्षण नाही. पण पाच अक्षरी शब्द जुळवताना काय दमछाक होते ते करून बघा, मग हसा.)

एक गोष्ट आधीच सांगते. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. म्हणून 'कर्वेनगर' हा शब्द पाच घरांचा. 'र्वे' एकाच घरात. इंग्रजी कोडी सोडवणारी मुलं कधीकधी 'र' आणि 'वे' वेगळं करायला जातात, त्यांना हे एकदा फळ्यावर दाखवावं लागतं.

आता भांडण कशावरून झालं ते. शेवटचा उभा शब्द 'रसरशीत'. मी सूचक वाक्य दिलं होतं: "उन्हाळा म्हटलं की आठवणारं विशेषण". माझ्या डोळ्यांसमोर हापूस होता. मुलांच्या डोळ्यांसमोर ऊन होतं. त्यांनी लिहिलं 'रखरखीत'. आता दोन्ही शब्द अक्षरं सुटी करून एकाखाली एक लिहा:

र  स  र  शी  त
र  ख  र  खी  त

पहिलं, तिसरं आणि पाचवं अक्षर अगदी सारखं. आणि माझ्या कोड्यात आडव्या शब्दांनी हीच तीन अक्षरं दिली होती. दुसरं आणि चौथं अक्षर ज्या घरांत होतं त्यांच्या डाव्या हाताला काळे चौकोन होते. तिथून कुठलाही आडवा शब्द जात नव्हता. म्हणजे 'स' की 'ख', 'शी' की 'खी', हे सांगणारं त्या जाळीत कोणीच नव्हतं. सगळा भार माझ्या एका ढिसाळ वाक्यावर होता.

त्या रात्री मी याचा नीट विचार केला आणि मग लक्षात आलं, की शब्दकोड्यांच्या दोन जाती वेगळ्या पडतात त्या नेमक्या याच ठिकाणी.

दुहेरी घर आणि एकेरी घर

मी वर्गात दोन शब्द वापरते. ज्या घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द जातात ते दुहेरी घर. ज्यातून एकच शब्द जातो ते एकेरी घर. दुहेरी घराचं अक्षर दोन बाजूंनी मिळतं; एकातून नाही सुचलं तर दुसऱ्यातून येतं, आणि एक चुकलं तर दुसरं ओरडतं. एकेरी घराचं अक्षर फक्त त्या शब्दाच्या सूचक वाक्यातून येतं. तिथे चुकलात तर ती चूक शांतपणे बसून राहते, कोड्याचं उत्तर छापून येईपर्यंत.

वरच्या कोड्यात मोजा. पंचवीस घरांतली चार काळी, राहिली एकवीस. त्यांतली दुहेरी फक्त नऊ, एकेरी बारा. प्रत्येक शब्दाची पाचपैकी दोन अक्षरं एकेरी. आणि एकूण शब्द किती? अवघे सहा.

आपल्या मराठी दैनिकांत रोज जी कोडी आपण पाहतो ती काळ्या चौकोनांचीच असतात. काळा चौकोन दोन कामं करतो. शब्द कुठे संपला ते दाखवतो, आणि शेजारच्या घराची दुसरी दिशा बंद करतो. पहिलं काम सोडवणाऱ्याच्या सोयीचं, दुसरं कोडं करणाऱ्याच्या सोयीचं. जितकी घरं एकेरी, तितकं कोडं जुळवायला सोपं. इंग्लंडमधल्या पंधरा बाय पंधराच्या कोड्यांत साधारण एकाआड एक अक्षर दुहेरी ठेवतात. अमेरिकन दैनिकांत मात्र काळे चौकोन असूनही प्रत्येक घर दुहेरी असावं लागतं. म्हणजे काळा रंग दिसला की घरं एकेरीच असणार असं नाही; पण काळे चौकोन एकाआड एक पेरले की ती एकेरी होतातच.

मग रेघांचं कोडं कसं असतं? त्यात काळा चौकोन एकही नसतो. सगळी घरं भरायची. शब्द कुठे संपला हे दोन घरांमधली जाड रेघ सांगते. रेघेला जागा लागत नाही, त्यामुळे शेजारची दिशा बंद होत नाही, आणि एका घरातून दोन शब्द जाण्याचं प्रमाण एकदम वाढतं.

हा प्रकार रुजला तो लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' या रविवारच्या वर्तमानपत्रात. १९२६ पासून तिथे टॉर्केमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉविस मॅथर्स कोडी देत. त्यांच्यानंतर १९३९ पासून डी. एस. मॅकनट, म्हणजेच झिमेनीझ, यांनी ती परंपरा चालवली, आणि १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी अझेड या नावाने. टॉर्केमाडा आणि झिमेनीझ ही स्पेनमधल्या धर्मचौकशीच्या अधिकाऱ्यांची नावं, आणि अझेड हे तिसऱ्या अधिकाऱ्याचं, डेझाचं, नाव उलटं लिहिलेलं. सोडवणाऱ्याचा छळ करणार हे आधीच जाहीर! आपल्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे मॅकनट हे पेशाने शाळामास्तर होते, ग्रीक-लॅटिन शिकवायचे. कोडं करणाऱ्याने सोडवणाऱ्याशी न्यायाने कसं वागावं, किती घरं एकेरी ठेवावीत, याचे नियम त्यांनी १९६६ च्या आपल्या पुस्तकात घालून दिले. अझेडचं नेहमीचं कोडं बारा बाय बाराचं, म्हणजे १४४ घरांचं, आणि त्यात शब्द साधारण छत्तीस. आपल्या डोळ्यांना सवय असलेल्या पंधरा बाय पंधराच्या काळ्या चौकोनांच्या कोड्यात घरं २२५, पण शब्द साधारण तीसच्या आसपास. लहान जागेत जास्त शब्द, म्हणजे शब्द एकमेकांत किती गुंतलेले असतील ते बघा.

मराठीत हे जमतं का?

मला वाटलं होतं जमणार नाही. कारण साधं आहे. इंग्रजीत घरात बसू शकणारी अक्षरं सव्वीस. मराठीत नुसती बाराखडीच घेतली तरी छत्तीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर, जोडाक्षरं वेगळीच. आडव्या शब्दात 'डा' आणि उभ्यात 'ड' असेल तर घर जुळत नाही. इंग्रजीत जिथे नुसतं एक अक्षर जुळवायचं, तिथे आपल्याला काना-वेलांटीसकट जुळवावं लागतं.

पण याची दुसरी बाजू सोडवणाऱ्याच्या फायद्याची आहे. मराठीत एक दुहेरी घर भरलं की ते इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त माहिती देतं. चार अक्षरी शब्दात तिसरं अक्षर 'ड' आहे एवढंच कळलं, तरी 'डा', 'डी', 'डे' असलेले सगळे शब्द आपोआप बाद होतात. म्हणून मराठीत रेघांचं कोडं करायला फार अवघड, पण सोडवायला मात्र अनपेक्षित सोपं जातं.

चार दिवस रात्रीची भांडी आवरल्यावर मी बसत होते. शेवटी चार बाय चारचं हे जुळलं:

मा  फ | क  ला
प  स  र  ट
क  व  ड  सा
पु  णे | ई  द

उभ्या खुणा म्हणजे जाड रेघा. आणखी दोन रेघा आडव्या आहेत, त्या इथे काढता येत नाहीत म्हणून सांगते: पहिल्या स्तंभात 'क' आणि 'पु' यांच्यामध्ये एक, चौथ्या स्तंभात 'ट' आणि 'सा' यांच्यामध्ये एक.

आडवे शब्द सहा: माफ, कला, पसरट, कवडसा, पुणे, ईद. उभे पाच: मापक, फसवणे, करडई, लाट, साद. सोळा घरांत अकरा शब्द! आणि एकेरी घर फक्त एक, ते 'पु'चं. (खऱ्या रेघांच्या कोड्यात एकेरी घरं यापेक्षा जास्त असतात, आणि रेघांची मांडणी कोडं उलटं धरलं तरी तशीच दिसेल अशी ठेवतात. माझ्या रेघा तशा नाहीत.)

मुलांना दिलेली सूचक वाक्यं अशी होती. आडवे: शिक्षा न करता सोडून दिलं (२), चित्र, नृत्य, गायन यांना मिळून एक शब्द (२), परात असते तशी, खोल नसलेली (४), कौलाच्या फटीतून घरात येतो तो उन्हाचा पट्टा (४), महाराष्ट्रातलं एक मोठं शहर (२), शिरखुर्म्याचा सण (२). उभे: 'ताप' किंवा 'पर्जन्य' यांच्यापुढे जोडला की यंत्राचं नाव होतं (३), खोटं सांगून गंडवणे (४), काटेरी झाडाची तेलबी (४), समुद्रावरून किनाऱ्याकडे येते (२), हाक (२).

मुलांनी ते कसं सोडवलं

पहिली दहा मिनिटं गोंधळाचीच गेली, आणि दोष कागदाचा होता. झेरॉक्समध्ये जाड रेघा फिकट आल्या होत्या. एका मुलाने विचारलं, "बाई, माफकला म्हणजे काय?" त्याला मधली रेघ दिसलीच नव्हती. गंमत म्हणजे 'माफक' हाही शब्द आहे, त्यामुळे रेघ नजरेतून सुटली तर 'माफ' आणि पुढचा 'क' मिळून तीन अक्षरी शब्दाचाही भास होतो. काळ्या चौकोनांच्या कोड्यात हा प्रश्न येतच नाही. काळा रंग कोणीही चुकवत नाही. रेघांच्या कोड्यात मात्र शब्द किती घरांचा आहे हे आधी बोटाने मोजायचं, कंसातल्या आकड्याशी ताडून पाहायचं, आणि मगच डोकं चालवायचं. आता मी झेरॉक्स काढल्यावर प्रत्येक कागदावर रेघा काळ्या स्केचपेनने पुन्हा गिरवते. चाळीस कागद, प्रत्येकी चार रेघा. चालतं.

रेघा नीट दिसल्यावर मुलं वेगाने पुढे गेली. सुरुवात छोट्या शब्दांनी झाली: ईद, कला, लाट. 'कला'चा 'ला' आणि 'लाट'चा 'ला' एकाच घरात. दोन्ही बाजूंनी तेच अक्षर आलं, म्हणजे खात्री. मुलांना हे फार आवडतं, त्यांच्या भाषेत "डबल बरोबर".

'हाक' या सूचक वाक्याला एका मुलीने 'हाक' हेच उत्तर लिहिलं. काळ्या चौकोनांच्या कोड्यात ही चूक बराच वेळ टिकली असती. इथे तिच्या खालच्या घरात 'क' आला आणि आडवी ओळ 'ईक' झाली. 'ईद' तर तिला आधीच माहीत होतं. तिने स्वतःच खोडरबर काढलं. 'द'ने संपणारा, हाकेला दुसरा शब्द... 'साद'. मला एक अक्षरही बोलावं लागलं नाही. रेघांच्या कोड्यात चूक लगेच वर येते ती अशी. पण हेही खरं, की ती चूक खोडली नाही तर तितक्याच वेगाने पसरते. 'हा' घरात राहिला असता तर तिसरी आडवी ओळ 'हा'ने संपणारा चार अक्षरी शब्द शोधण्यात गेली असती.

आणि मग अडकलो. जवळजवळ सगळा वर्ग एकाच घरापाशी. तिसरी ओळ, तिसरं घर. आडवं बघितलं तर:

क  व  –  सा

उभं बघितलं तर:

क  र  –  ई

आमच्याकडची बहुतेक मुलं फ्लॅटमध्ये वाढलेली. डोक्यावर स्लॅब. कौल नाही, फट नाही, कवडसा कुठून माहीत असणार? आणि करडईचं तेल घरात येत नाही, येतं ते सूर्यफुलाचं नाहीतर शेंगदाण्याचं. दोन्ही शब्द अनोळखी आणि दोघांचं अक्षर एकाच घरात. घर दुहेरी असूनही उपयोग शून्य, कारण दोन्ही दारांना कुलूप. दुहेरी घराला अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा निदान एका बाजूचा शब्द सोडवणाऱ्याच्या आवाक्यातला असतो. हा दोष माझा, जाळीचा नाही. दोन अवघड शब्द एकमेकांवरून नेऊ नयेत, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, करडई. आमच्या आजोबांच्या शेतात असते, सोलापूरला. टोचते खूप." 'ड' आला. आणि त्या एका अक्षराबरोबर वर्गातल्या कोणालाच माहीत नसलेला शब्द कागदावर पूर्ण झाला: क, व, ड, सा. चारही अक्षरं इतर शब्दांनी आणून दिली होती: 'मापक'ने 'क', 'फसवणे'ने 'व', 'करडई'ने 'ड', 'साद'ने 'सा'. मुलं आधी शब्द लिहून मोकळी झाली आणि मग विचारायला लागली, "कवडसा म्हणजे नक्की काय?" मी खिडकीचं दार लावून घेतलं, एक फट ठेवली आणि फरशीवर पडलेला तो पट्टा दाखवला.

म्हणून दोन्हींची पद्धत वेगळी

काळ्या चौकोनांच्या कोड्यात शब्दाचा अर्थ आधी आणि अक्षरं नंतर. निम्मी घरं एकेरी असल्यामुळे इतर शब्द तुम्हाला उत्तर पूर्ण करून देत नाहीत, फक्त सांगाडा देतात. म्हणून सांगाडा कागदाच्या कडेला लिहायचा, 'र – र – त' असा, आणि त्यात बसणारे सगळे शब्द आठवायचे. एक सुचला म्हणून लगेच पेनने लिहायचा नाही. दुसरा बसतो का हे बघायचं आणि दोन्ही सूचक वाक्यापुढे उभे करायचे. माझ्या वर्गाच्या बाबतीत त्यांनी हे केलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण माझं वाक्यच दोघांना लागू होतं. पण चांगल्या कोड्यात एकच टिकतो.

मोठ्या कोड्यात आणखी एक अडचण येते. काळ्या चौकोनांमुळे कोपरे जवळजवळ वेगळे पडतात. एखादा कोपरा बाकीच्या कोड्याला एकाच लांब शब्दाने जोडलेला असतो. तो शब्द आला नाही तर तीन कोपरे भरून चौथा कोरा राहतो. माझे बाबा रोज सकाळी चहाबरोबर कोडं सोडवतात. त्यांची सवय अशी, की आधी सगळ्यात लांब, मधून जाणारे शब्द शोधायचे आणि त्यांच्यावर वेळ घालवायचा. ते दार उघडलं की कोपरा उघडतो. माझ्या छोट्या कोड्यात हे काम 'महानगर' आणि 'नवनवीन' करतात, दोन्ही मधल्या ओळींत आहेत.

रेघांच्या कोड्यात उलटं. तिथे लांब शब्दांच्या मागे लागायची गरज नाही. दोन-तीन अक्षरी शब्दांनी सुरुवात करायची, आणि मग लांब शब्द जवळजवळ आपोआप दिसायला लागतो. अक्षरं आधी आणि अर्थ नंतर. अनोळखी शब्द तयार झाला तर घाबरून खोडायचं नाही. दुहेरी घरांनी दिलेला शब्द बहुधा असतोच. पण 'बहुधा' म्हणतेय, म्हणून शब्दकोश उघडून खात्री करायची. अझेडची कोडी सोडवणारे शेजारी चेंबर्सचा इंग्रजी शब्दकोश ठेवूनच बसतात. तसंच ते अपेक्षित असतं. आपल्याकडे मोल्सवर्थ आहे, आणि पुण्यातच १९३२ ते १९३८ या काळात निघालेला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे. (हे कर्वे म्हणजे चिं. ग. कर्वे. आमच्या उपनगराला नाव मिळालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरून. मुलं हमखास गल्लत करतात, आणि खरं सांगायचं तर मीही केली होती.) काळ्या चौकोनांच्या कोड्यात शब्दकोश फारसा कामाला येत नाही. 'र – र – त' असा शब्द कोशात कुठे शोधणार? पहिल्या अक्षराच्या पुढे लगेच भोक आहे.

यावरून मुलांना कुठलं कोडं कधी द्यायचं तेही ठरवता येतं. जे शब्द शिकवून झाले आहेत त्यांची उजळणी हवी असेल तर काळ्या चौकोनांचं कोडं चांगलं, कारण तिथे शब्द माहीत असल्याशिवाय घर भरत नाही. नवीन शब्दाशी पहिली ओळख करून द्यायची असेल तर रेघांचं. मात्र एका वेळी एकच नवीन शब्द, त्याला कापणारे बाकी सगळे ओळखीचे. माझ्या कोड्यात करडईच्या जागी रोजच्या वापरातला शब्द असता, तर कवडसा सगळ्यांना मिळाला असता.

पालकांसाठी एक छोटी खूण. घरी मूल कोडं सोडवत असेल आणि अडलं असेल, तर उत्तर सांगण्याआधी त्या घराकडे बघा. घर दुहेरी असेल तर "दुसऱ्या बाजूने बघ" एवढं पुरतं. एकेरी असेल तर दुसरी बाजूच नाही. मग सूचक वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला सांगा, आणि तरीही दोन शब्द बसत असतील तर दोन्ही लिहू द्या.

हो, आणि 'पु'चं काय झालं ते राहिलंच. सगळ्या कोड्यातलं ते एकमेव एकेरी घर, आणि सूचक वाक्य होतं "महाराष्ट्रातलं एक मोठं शहर". वर्गातल्या तिघांनी 'ठाणे' लिहिलं. वर जाड रेघ आहे, त्यामुळे 'मापक'चा त्या घराशी काही संबंध नाही. 'णे' तर दोन्हींत आहेच. रखरखीतवरून एवढं शिकून पुन्हा तीच चूक, तीही मीच केलेली. या वेळी मात्र लाल फुली मारली नाही. तिघांनाही पूर्ण गुण दिले आणि पुढच्या वर्गासाठी वाक्य बदललं: "मुठेच्या काठचं शहर".

जुन्या कोड्याच्या वह्याही परत मागवल्या आणि 'रखरखीत'वरच्या फुल्या खोडून बरोबरच्या खुणा केल्या. त्या मुलीच्या आईला तसं कळवलं. त्या म्हणाल्या, "बाई, ते ठीक आहे, पण मला खरं सांगा, नमनगीत म्हणजे ते परिपाठाचंच ना? मी रात्री अकरापर्यंत तिथे अडकले होते."